साहेबांनी डिलीट केलेली सुट्टी

मराठी ऑफिसात शब्द मागे घ्यायची एक जुनी, प्रतिष्ठित पद्धत होती. साहेब तोंडी बोलायचे आणि आठवड्याने म्हणायचे, "मी असं कुठे म्हणालो?" समोरचा गप्प बसायचा, कारण भिंतींना कान असले तरी त्या साक्षीला येत नाहीत. मग ऑफिसं स्लॅकवर गेली. आता साहेबांचं बोलणं लेखी झालं, वर तारीख आणि वेळ आली. कर्मचारी वर्गाला वाटलं, आता साहेब सापडले. पण हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही साहेब असणारच. त्यांनी प्रत्येक मेसेजच्या कोपऱ्यात तीन टिंबं दिली आणि त्या टिंबांच्या तळाशी लाल अक्षरांत `Delete message` असं लिहून ठेवलं. "मी असं कुठे म्हणालो" या वाक्याचं बटण झालं एवढंच.

आमच्या ऑफिसात स्लॅकचा ॲडमिन मी आहे. ही पदवी परीक्षा देऊन मिळत नाही. ज्याला एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढता आला, तो पुढे राउटर बघतो, आणि राउटर बघणारा आयुष्यभर ॲडमिन राहतो. वर्कस्पेसचे ओनर मात्र खुद्द साहेब. ओनर आणि ॲडमिन यांत फरक काय, हे ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर तो सगळ्यांना नीट समजला.

2025 ची दिवाळी मोठी अवघड जागी आली होती. मंगळवारी 21 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन, बुधवारी पाडवा, गुरुवारी भाऊबीज. त्यापुढचा शुक्रवार, 24 तारीख, तेवढा उघडा पडला होता. तो बुजवला की पुढे शनिवार-रविवार आलेच. कोकणात गाव असलेल्या माणसाला हा शुक्रवार झोपेतसुद्धा दिसत होता. आणि 10 ऑक्टोबरला, शुक्रवारीच, संध्याकाळी साहेबांनी `#general` वर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते पुढे येईलच. सोमवारी सकाळी लोक आले तेव्हा त्या जागी फक्त एक करडी ओळ उरली होती: `This message was deleted.`

ही ओळ तरी का उरली, हे सांगायला हवं. साधा मेसेज डिलीट केला तर स्लॅक मागे काहीच ठेवत नाही. मेसेज जातो, त्यावरच्या इमोजी जातात, वरचा आणि खालचा मेसेज एकमेकांना असे चिकटतात की मध्ये कोणी होतं हे सांगूनही पटू नये. पण त्या मेसेजखाली थ्रेडमध्ये कोणी उत्तर दिलेलं असेल, तर उत्तरं तशीच राहतात आणि त्यांना वर टांगायला ही करडी ओळ ठेवली जाते. आमच्या थ्रेडमध्ये आठ उत्तरं होती. "धन्यवाद सर". "थँक्यू सर, हॅपी दिवाळी". "सर तुस्सी ग्रेट हो", हे सेल्समधल्या पोराचं. अस्तित्वात नसलेल्या मेसेजचे आठ जणांनी मनापासून आभार मानले होते आणि ते आभार तेवढे शिल्लक होते.

आता मजकूर काय होता यावर वाद सुरू झाला. टेस्टिंगवाल्यांच्या मते, "24 ला सुट्टी" असं स्वच्छ लिहिलं होतं. सेल्सवाल्यांच्या मते, 24 ला सुट्टी आणि वर सोमवारी उशिरा आलं तरी चालेल. डिझाइनमधल्या एकीला तर मिठाईचाही उल्लेख आठवत होता. कणकवलीचं तिकीट काढून बसलेल्या एका सहकाऱ्याने तारीख सोडून बाकी काही वाचलंच नव्हतं, पण शपथेवर सांगायला तो तयार होता. साहेब केबिनमध्ये होते आणि केबिनचं दार बंद होतं. त्यामुळे लोकशाही पद्धतीने सगळे माझ्या टेबलापाशी आले.

"तुम्ही ॲडमिन ना? मग डिलीट झालेलं काढून द्या की."

लोकांची एक अढळ श्रद्धा आहे की इंटरनेटवरून काहीच पुसलं जात नाही, कुठेतरी एक मोठी खोली आहे, तिथे सगळं पडून असतं आणि ॲडमिनकडे तिची किल्ली असते. शाळेतल्या शिपायाकडे असायची तशी. स्लॅकमध्ये अशी खोली नाही. रिसायकल बिन नाही, "डिलीट केलेले मेसेज" नावाचा कप्पा नाही. मेसेज डिलीट झाला की तो ॲडमिनलाही दिसत नाही, ओनरलाही नाही, आणि स्लॅकच्या सपोर्टला कितीही गोड इंग्रजीत मेल लिहिला तरी ते तो परत आणून देत नाहीत. प्रत कुठे उरली आहे का, हे एकाच गोष्टीवर ठरतं: मेसेज डिलीट व्हायच्या आधी वर्कस्पेसचं रिटेन्शन सेटिंग काय होतं. आधी, हा शब्द महत्त्वाचा. नोंद नंतर चालू केली, तरी आधी डिलीट झालेले मेसेज परत येत नाहीत.

पैसे भरून घेतलेल्या स्लॅकमध्ये या सेटिंगचे ढोबळ तीन प्रकार. पहिला, सगळे मेसेज ठेवा आणि कोणी काय बदललं, काय डिलीट केलं त्याचीही नोंद ठेवा. दुसरा, सगळे मेसेज ठेवा, पण बदल आणि डिलीट यांची नोंद ठेवू नका. तिसरा, अमुक दिवसांनी मेसेज आपोआप पुसून टाका. कोणी काहीच निवडलं नाही तर दुसरा प्रकार चालू असतो. आणि भारतातल्या बहुतेक ऑफिसांप्रमाणे आमच्याकडेही कोणी काहीच निवडलं नव्हतं. म्हणजे डिलीट केलेला मेसेज नोंदीसकट गेलेला. फुकटच्या प्लॅनवाल्यांचं तर आणखी निराळं आहे. तिथे 90 दिवसांपूर्वीचे मेसेज दिसत नाहीत, आणि 26 ऑगस्ट 2024 पासून एक वर्षाहून जुने मेसेज कायमचे पुसायला सुरुवात झाली आहे. फुकट्याचा इतिहास वर्षभराचा.

हे सगळं मी टेबलापाशी जमलेल्या गर्दीला समजावलं. गर्दीला ते पटलं नाही. "पण बघा तरी," असं सगळे म्हणाले. "बघा तरी" हा मराठी माणसाचा तंत्रज्ञानाकडे पाहण्याचा मूलभूत दृष्टिकोन आहे. मग मी बघितलं.

बघायचं म्हणजे एक्स्पोर्ट काढायचा. सार्वजनिक चॅनेलांचा एक्स्पोर्ट कोणत्याही प्लॅनवर ओनर किंवा ॲडमिनला काढता येतो. वर्कस्पेसची सेटिंग ब्राउझरात उघडायची, तिथे `Import/Export Data` असतं, त्यात `Export` हा भाग, तारखांची मर्यादा निवडायची आणि `Start Export` दाबायचं. मी 1 ते 13 ऑक्टोबर निवडलं. लगेच काही मिळत नाही. झिप फाइल तयार झाली की मेल येते. तोपर्यंत मागे उभे असलेले लोक स्क्रीनकडे अशा नजरेने बघत होते, जणू आत पोस्टमॉर्टेम चालू आहे.

झिप उघडली की निराशेला शिस्तीत सुरुवात होते. प्रत्येक सार्वजनिक चॅनेलचा एक फोल्डर, आणि फोल्डरमध्ये दर दिवसाची एक फाइल, `2025-10-10.json` अशा नावाची. बाहेर `users.json` आणि `channels.json`. मेसेजमध्ये माणसांची नावं नसतात, `U` ने सुरू होणारे क्रमांक असतात. कोण कुठला हे `users.json` मध्ये शोधायचं. जोडलेल्या फाइली झिपमध्ये नसतात, त्यांचे दुवे असतात. मागून कोणीतरी म्हणालं, "यात `Ctrl F` मारा आणि 'सुट्टी' शोधा."

मारलं. शून्य.

"बघा, साहेबांनी इथूनही काढलं!"

साहेबांनी काढलं नव्हतं. या फाइलींमध्ये देवनागरी देवनागरीत नसतेच. "धन्यवाद सर" हे दोन शब्द तिथे असे दिसतात:

```
\u0927\u0928\u094d\u092f\u0935\u093e\u0926 \u0938\u0930
```

प्रत्येक अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक. त्यामुळे नोटपॅडमध्ये मराठी शब्द शोधला तर तो असून नसल्यासारखा. इंग्रजीत गप्पा मारणाऱ्या ऑफिसांना हा प्रश्न आयुष्यात पडत नाही. मराठीतून चॅट करणाऱ्या ॲडमिनने मात्र हे भिंतीवर लिहून ठेवावं, कारण "एक्स्पोर्टमध्ये काही नाही" असं छातीठोक सांगून मोकळे झालेले लोक मी पाहिले आहेत. फाइल जेसन म्हणून वाचली की क्रमांकांची पुन्हा अक्षरं होतात. त्याला पायथनच्या चार ओळी पुरतात:

```
import json, glob
for f in sorted(glob.glob("general/*.json")):
    for m in json.load(open(f, encoding="utf-8")):
        print(m.get("ts"), m.get("user"), m.get("text"))
```

ओळी धावल्या आणि स्क्रीनवर ऑक्टोबर महिना सरकू लागला. वायफायबद्दलच्या तक्रारी, कोणाचा तरी डबा फ्रिजमधून गेल्याची तक्रार, तो डबा मिळाल्याचं निवेदन, त्यात भाजी कमी असल्याचं पुरवणी निवेदन. आणि मग ते आठ आभार. त्यांच्या डोक्यावर ही नोंद:

```
{
  "type": "message",
  "subtype": "tombstone",
  "text": "This message was deleted.",
  "user": "USLACKBOT",
  "hidden": true,
  "ts": "1760098320.123459",
  "reply_count": 8
}
```

`tombstone`. थडगं. स्लॅकवाल्यांनी शब्द अगदी नेमका निवडला आहे, कारण थडग्यावर असतं तेवढंच इथे असतं. मजकूर नाही. लिहिणाऱ्याचं नावसुद्धा नाही, त्या जागी स्लॅकबॉट. म्हणजे कागदोपत्री बघायचं तर आठ लोकांनी दिवाळीनिमित्त एका यंत्राला "तुस्सी ग्रेट हो" म्हटलं होतं. साहेब त्या थडग्यातूनही सुटले होते.

पण एक गोष्ट थडग्यात राहते, ती म्हणजे वेळ. `ts` हा आकडा मूळ मेसेजचाच. 1 जानेवारी 1970 पासून मोजलेले सेकंद, आणि टिंबानंतरचा भाग एकाच सेकंदातले मेसेज वेगळे ओळखू यावेत म्हणून. लिनक्सवर असं विचारता येतं:

```
date -u -d @1760098320
```

उत्तर आलं, 10 ऑक्टोबर, शुक्रवार, 12:12. हे दिसताक्षणी एक जण ओरडला, "बारा वाजून बारा मिनिटांनी साहेब क्लायंटबरोबर होते, मी होतो ना तिथे! म्हणजे हा मेसेज साहेबांचा नाहीच." त्याला शांत करून सांगावं लागलं की ही ग्रीनिचची वेळ आहे, त्यात साडेपाच तास मिळवायचे. 5:42, संध्याकाळची. एक्स्पोर्ट वाचताना निम्म्या चुका इथे होतात. वेळ वाचली जाते ग्रीनिचची आणि आरोप होतो पुण्यात.

एवढा खटाटोप करून हाती आलं ते असं: शुक्रवारी 5:42 ला या जागी एक मेसेज होता, त्याला आठ उत्तरं आली, आणि नंतर तो गेला. गर्दीला हे आधीपासून माहीत होतं.

मग कोणीतरी बुद्धिमान प्रश्न विचारला, आणि तो त्या दिवसातला एकमेव होता. जुना एक्स्पोर्ट आहे का? बरोबर आहे. एक्स्पोर्ट हा त्या क्षणाचा फोटो असतो. मेसेज लिहिल्यानंतर आणि डिलीट व्हायच्या आधी कोणी एक्स्पोर्ट काढला असेल, तर त्या झिपमध्ये मेसेज जसाच्या तसा राहतो. पुढे स्लॅकमध्ये काहीही होवो, डाउनलोड झालेल्या फाइलीत कोणी हात घालत नाही. आमच्याकडे एक जुना एक्स्पोर्ट होता. ऑडिटसाठी काढलेला. सप्टेंबरअखेरचा. त्यात साहेबांनी गणपतीची सुट्टी दिलेली अक्षरशः सापडली, पण ती सगळ्यांनी घेऊन झाली होती.

एक पळवाट मेसेज बदलण्याचीही असते. साहेबांनी डिलीट न करता नुसता मजकूर बदलला असता, तर पुढे `(edited)` असं लहान अक्षरांत आलं असतं आणि एक्स्पोर्टमध्ये कोणी, कधी बदललं तेही दिसलं असतं. पण जुना मजकूर तेव्हाही मिळाला नसता, कारण नोंद बंद. बदललेला मेसेज आणि डिलीट केलेला मेसेज, दोघांचं नशीब त्या एकाच सेटिंगला बांधलेलं.

दुपारी अकाउंट्सच्या मॅडम आल्या. शुक्रवारी त्या रजेवर होत्या, सोमवारी अर्धा दिवस बँकेत. या सगळ्या प्रकाराचा त्यांना पत्ता नव्हता. डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या, "अहो, साहेबांनी मला काहीतरी विचारलं होतं शुक्रवारी, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय."

ऑफिसात इतकी शांतता मी अप्रेझलच्या दिवशीसुद्धा अनुभवलेली नाही.

झालं होतं असं. साहेबांनी त्या मेसेजमध्ये मॅडमना टॅग केलं होतं. आपण स्लॅकवर नसताना कोणी आपलं नाव घेतलं, आणि आपण ईमेल सूचना बंद केलेली नसेल, तर स्लॅक ते मेलवर कळवतं, मजकुरासकट. स्लॅकमधला मेसेज डिलीट झाला म्हणून इनबॉक्समध्ये पडलेली मेल परत जात नाही. डिलीट झालेलं शोधायला निघालेल्या माणसाने एक्स्पोर्टच्या आधी हे विचारावं: यात कोणाचं नाव होतं, आणि तो त्या वेळी ऑनलाइन नव्हता ना? मोबाइलवरही कधी कधी सापडतं. अँड्रॉइड 11 पासून पुढच्या फोनांत नोटिफिकेशन हिस्टरी चालू करून ठेवलेली असेल तर गेल्या चोवीस तासांतल्या सूचना तिथे दिसतात. आमचे चोवीस तास केव्हाच उलटून गेले होते. आमच्या मदतीला आला तो मॅडमचा इनबॉक्स, ज्यात न वाचलेल्या मेलींचा आकडा चार अंकी होता आणि ज्याची ऑफिसात आजवर फक्त टिंगल झाली होती.

मॅडमनी मेल उघडली. पोरांनी मागून गर्दी केली. साहेबांचा मूळ मजकूर असा होता:

"24 तारखेला सुट्टी देता येईल का ते बघतो. मॅडम, पगारपत्रकावर काय फरक पडेल ते सांगा."

बघतो.

सगळ्या इमारतीत त्या क्षणी मिठाईचा उल्लेख आठवणारं कोणी उरलं नाही. आठ जणांनी "24 तारखेला सुट्टी" एवढंच वाचलं होतं आणि पुढच्या "देता येईल का" या तीन शब्दांपर्यंत पोचायच्या आत आभार मानून टाकले होते. आणि साहेबांनी मेसेज का काढला, तेही उलगडलं. कोणी आपले एवढे आभार मानतंय हे बघून माणूस घाबरणारच. कशाबद्दल मानतंय ते कळल्यावर तर जास्तच.

आता खरी गंमत. इतका वेळ बंद असलेलं केबिनचं दार उघडलं. बातमी आत पोचली होती की मजकूर सापडला आणि तो साहेबांच्या बाजूचा निघाला. साहेब बाहेर आले, मेल स्वतः वाचली, मॅडमना ती जपून ठेवायला सांगितली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हे असं काही गेलंच नाही पाहिजे. सगळ्याची नोंद राहिली पाहिजे. करा चालू."

मी म्हणालो, "साहेब, मला करता येत नाही. रिटेन्शन ओनरलाच बदलता येतं."

"ओनर कोण आहे?"

"तुम्ही."

तेव्हा सगळ्यांना ओनर आणि ॲडमिन यांतला फरक समजला. ॲडमिनला सार्वजनिक चॅनेलांचा एक्स्पोर्ट मिळतो. काय जपायचं आणि काय पुसायचं, ते ओनर ठरवतो. साहेबांनी पासवर्ड रीसेट करून लॉगिन केलं (ओनर स्वतःच्या घरात शेवटचा कधी आला होता, हे यावरून कळतं) आणि नोंदीचा पर्याय निवडला. मग त्यांच्या डोळ्यांसमोर तिसरा पर्याय आला आणि चेहरा उजळला. "हे दिवसांचं काय आहे? लावा ना 90 दिवस. जुनी घाण कशाला?"

मी जवळजवळ माउसवर झडप घातली. ती मुदत फक्त पुढच्या मेसेजांना लागत नाही, मागच्यांनाही लागते. 90 लिहून सेव्ह केलं की त्याहून जुनं सगळं पुसण्याच्या रांगेत जातं आणि परत येत नाही. क्लायंटने तीन वर्षांपूर्वी "अप्रूव्ह्ड" असं लिहिलेला मेसेज, ज्याच्या जोरावर आम्ही आजही एका बिलासाठी भांडतो आहोत, तो त्या घाणीतच होता. फाइलींची मुदत वेगळी असते, ती वेगळी बघावी लागते. साहेबांनी बिलाची रक्कम ऐकली आणि माउस सोडला.

पुढच्या महिन्यात चाचणी म्हणून पुन्हा एक्स्पोर्ट काढला. नोंद आता चालू होती, त्यामुळे डिलीट झालेल्या प्रत्येक मेसेजची `message_deleted` अशी नोंद आणि सोबत मूळ मजकूर. शोधायलाही सोपं, कारण हा शब्द इंग्रजीत आहे:

```
grep -rl "message_deleted" .
```

ज्या फाइलींत तो आहे त्यांची यादी येते. साहेबांना वाटलं होतं, यात कारस्थानं निघतील. निघालं ते असं. `#client-delivery` वर, "हो गं, मटकी आणतो, मोड आलेली का साधी?" सेल्सच्या चॅनेलवर, "आई मी मीटिंगमध्ये आहे" आणि लगेच "आई खरंच मीटिंगमध्ये आहे". एकाने स्वतःचा ओटीपी टाकून काढला होता. एकीने "सर हे काम माझं नाही" असं लिहून काढलं होतं आणि मिनिटाभराने "नक्की सर" लिहिलं होतं. माणूस ऑफिसात डिलीट काय करतो, तर घर. आणि उरलेल्या वेळात स्वाभिमान.

साहेबांनी यादी अर्धी वाचली आणि बंद केली. त्यांचाही एक मेसेज तीत होता. `#general` वर, सौभाग्यवतींना उद्देशून, गॅस सिलिंडरसंबंधी.

पण बातमी फुटली. दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे लोक एकेकटे यायला लागले, पाणी प्यायच्या निमित्ताने. प्रश्न एकच. "आमचे डीएम पण दिसतात का हो तुम्हाला?" नाही दिसत. खासगी चॅनेलं आणि डीएम साध्या एक्स्पोर्टमध्ये येतच नाहीत. फुकटच्या आणि प्रो प्लॅनवर ते मिळवायचे तर ओनरने स्लॅककडे अर्ज करायचा आणि त्यालाही कायदेशीर कारण किंवा सदस्यांची संमती अशा मोजक्या अटी. त्यावरच्या महागड्या प्लॅनवर ओनरला हे दार उघडता येतं. आणि तिथे एक गोष्ट 2018 पासून बदललेली आहे. पूर्वी कंपनीने असा खासगी मजकूर बाहेर काढायची सोय चालू केली की सदस्यांना त्याची सूचना जायची. त्या वर्षी एप्रिलमध्ये नियम बदलले आणि ती सूचना बंद झाली. हे ऐकल्यावर पाणी प्यायला आलेले लोक पाणी न पिताच गेले.

त्यांना मी एक गोष्ट मात्र दाखवली, आणि ती कोणत्याही सदस्याला बघता येते, ॲडमिन असायची गरज नाही. स्लॅकच्या खात्यात वर्कस्पेसच्या सेटिंगचं पान असतं आणि त्यात `Retention & Exports` असा भाग असतो. आपल्या ऑफिसात मेसेज किती दिवस ठेवतात, डिलीट केलेल्याची नोंद राहते का, आणि मालकाला काय काय बाहेर काढता येतं, हे तिथे लिहिलेलं असतं. आमच्या ऑफिसात ते पान त्या दिवसापर्यंत कोणी उघडलेलं नव्हतं. आता ते अकाउंट्सच्या मॅडमनी प्रिंट काढून पँट्रीत लावलं आहे. फ्रिजवर, डब्यांच्या तक्रारींशेजारी.

24 तारखेला ऑफिस चालू होतं. रजेचे अर्ज आधीच आले होते आणि साहेबांनी ते मंजूरही केले होते. मुकाट्याने, आणि डीएमवर.

तर ॲडमिन मंडळींना एक विनंती. तुमच्याकडे डिलीटची नोंद चालू करायचं ठरलं, तर आधी `#general` वर तसं स्पष्ट लिहा आणि मग चालू करा. आणि ते लिहिलेलं डिलीट करू नका.